पहिली वेलांटी कुठे टंकायची?

छापील पानावर ‘कविता’ हा शब्द पाहिला, की डोळ्याला आधी क दिसतो, मग वेलांटीचा दांडा, मग व आणि शेवटी ता. याच क्रमाने आजच्या युनिकोडमध्ये कळा दाबल्या, तर पडद्यावर ‘किवता’ उमटतं. ‘गणित’चं ‘गिणत’ होतं. टंकणाऱ्याने पानावरचा क्रम काटेकोर पाळलेला असतो आणि तरीही शब्द चुकतो, कारण युनिकोडमध्ये पहिली वेलांटी आपल्या आधी टंकलेल्या व्यंजनाला लागते. ती दिसते व्यंजनाच्या डावीकडे, पण साठवली जाते व्यंजनानंतर.

जुनी मराठी पुस्तकं छापील पानावरून संगणकावर उतरवण्याचं काम आमचा एक लहानसा गट करतो. त्यात या वेलांटीवरून दोघांचं कधी एकमत झालं नाही. एक आहेत काका, न्यायालयातून निवृत्त झालेले टंकलेखक, रेमिंग्टन पद्धतीवर हात बसलेले. दुसरी ताई, तयार झालेल्या फायली तपासून घेणारी. दोघांनाही पुस्तक अक्षरशः जसंच्या तसं उतरावं असं मनापासून वाटतं. वाद आहे तो ‘जसंच्या तसं’ म्हणजे काय यावर. त्यांचं बोलणं मी इथे मांडतो आहे, आणि जिथे माझं मत आहे तिथे तेही सांगतो.

काका : मूळ मुद्दा साधा आहे. मी समोरचं पान बघून टंकतो. बघून टंकणाऱ्याचा हात डोळ्यामागून जातो. डोळ्याला वेलांटी आधी दिसते, म्हणून हात ती आधी मारतो. टंकयंत्रावर दुसरा मार्गच नव्हता. वेलांटीची कळ दाबली की कागदावर दांडा उमटायचा, कागद एक घर सरकायचा आणि मग अक्षर त्या वेलांटीखाली येऊन बसायचं. पुढे संगणकावर कृतिदेवसारखे फॉन्ट आले, त्यांनीही हाच क्रम ठेवला. दोन पिढ्यांचे हात असे तयार झाले आहेत. मग हा क्रम मोडायची गरज काय होती?

ताई : टंकयंत्रात शाई उमटली की काम संपत होतं, काका. कागदाला त्या अक्षराचं पुढे काही करायचं नव्हतं. संगणकात साठवणं आणि दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. साठवताना अक्षरं उच्चाराच्या क्रमाने ठेवायची असं भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या मानकात ठरलं होतं, आणि युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवरूनच घेतली. वेलांटी डावीकडे नेऊन दाखवायचं काम फॉन्ट आणि त्याच्याबरोबरचं सॉफ्टवेअर करतं. टंकणाऱ्याने ते करायचं नाही.

काका : उच्चाराचा क्रम बोलणाऱ्यासाठी. मी बोलत नाही, नक्कल करतो.

ताई : पण लिहायला शिकताना तुम्ही तो क्रम पाठ केला आहे. बाराखडी कशी म्हणत होतात? ‘क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि, क ला दुसरी वेलांटी की.’ आधी क, मग वेलांटी. नव्याने इनस्क्रिप्टवर येणाऱ्यांना मी हेच सांगते, की शब्द मनात असा फोडा आणि फोडाल तशा कळा दाबा.

काका यावर गप्प बसले नाहीत, पण बाराखडीचं म्हणणं त्यांना पटलं असावं, कारण पुढे त्यांनी उच्चाराच्या मुद्द्यावर भर दिला नाही. त्यांनी एक शब्द कागदावर लिहून ताईपुढे ठेवला : निर्मिती. त्यांचं म्हणणं असं, की खरी परीक्षा अशा शब्दांत होते.

या शब्दाची निवड मला फार योग्य वाटते, कारण त्यात वेलांटी दोनदा आहे आणि दुसऱ्या वेलांटीच्या अक्षरावर रफारही आहे. खाली पहिल्या ओळीत इनस्क्रिप्ट कीबोर्डवर दाबायच्या कळा आहेत, दुसऱ्या ओळीत कृतिदेवच्या.

```
vfjdcflr
fufeZrh
```

इनस्क्रिप्टमध्ये `v` म्हणजे न, `f` म्हणजे वेलांटी, `j` म्हणजे र, `d` म्हणजे पाय मोडण्याची खूण, `c` म्हणजे म, पुन्हा `f` वेलांटी, `l` म्हणजे त आणि `r` म्हणजे दुसरी वेलांटी. न-वेलांटी, र-पायमोड-म-वेलांटी, त-दुसरी वेलांटी, असं ऐकू येतं तसं. कृतिदेवमध्ये `f` म्हणजेही वेलांटीच, पण ती शब्दाच्या सुरुवातीला येते. मग `u` म्हणजे न, पुन्हा `f`, मग `e` म्हणजे म, आणि म झाल्यावर `Z` म्हणजे रफार. शेवटी त आणि दुसरी वेलांटी. दोन्ही पद्धतींत वेलांटीची कळ एकच आहे आणि जागा मात्र वेगळी. एका पद्धतीवरून दुसरीवर जाणाऱ्याचा हात घोटाळतो तो यामुळे.

काका : बघ, ‘र्मि’मध्ये काय होतं ते. डोळ्याला दिसतं वेलांटी, म, वर रफार. तुझा क्रम आहे र, म, वेलांटी. म्हणजे जे सगळ्यात शेवटी दिसतं ते आधी टंकायचं आणि जे सगळ्यात आधी दिसतं ते शेवटी. बघून टंकणाऱ्याला हे दर शब्दाला करायला लावणं म्हणजे चुकांना बोलावणं आहे.

ताई : डोळ्याने एकेक रेघ उचलली तर तसंच होईल. म्हणून रेघ उचलायची नाही, अक्षर उचलायचं. ‘र्मि’ हे एक अक्षर पूर्ण वाचायचं आणि मग त्याचा उच्चार टंकायचा. नजर पानावरून हातावर आणण्याआधी किमान एक अख्खा शब्द वाचलेला असला पाहिजे. चांगले टंकलेखक तसंही शब्दच वाचतात, तुम्हीसुद्धा.

काका : ते खरं आहे. पण मग मला सांग, दिसेल तसं साठवणारी एकही लिपी जगात नाही का?

ताई : आहे. थाई लिपीत काही स्वर व्यंजनाच्या डावीकडे लिहितात आणि युनिकोडमध्ये ते डावीकडेच, म्हणजे व्यंजनाआधीच साठवतात. तिथल्या जुन्या संगणकी मानकात तसंच होतं, ते पुढे कायम ठेवलं. लाओचंही तसंच. न्यू ताई लुए या लिपीला तर आधी उच्चाराचा क्रम दिला होता आणि २०१५मध्ये युनिकोडच्या ८.० आवृत्तीत तो बदलून दिसण्याचा क्रम दिला. तेव्हा तुमची पद्धत अशक्य आहे असं मी म्हणत नाही.

काका : मग?

ताई : मग त्याची किंमत बघा. शब्द अकारविल्हे लावायचे असतील तर थाईत आधी स्वर उचलून व्यंजनामागे न्यावा लागतो आणि मग क्रम लावावा लागतो. आपल्याकडे वेलांटी आधी साठवली असती, तर किल्ला, गिरणी, चिमणी हे सगळे शब्द वेलांटीखाली एकत्र गोळा झाले असते. पण माझं खरं कारण ते नाही. क्रम लावणारं सॉफ्टवेअर ते सांभाळून घेऊ शकतं. माझं कारण आहे ‘उद्दिष्ट’.

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून ताईचं म्हणणं सविस्तर देतो. जुन्या पुस्तकात ‘उद्दिष्ट’ छापताना दोन द एकाखाली एक असतात आणि वेलांटी त्या जोडाक्षराच्या डावीकडे, दोन्ही द च्या आधी येते. शालेय पाठ्यपुस्तकांत हाच शब्द पहिल्या द चा पाय मोडून ‘उद्‌दिष्ट’ असा छापलेला आढळतो. तिथे वेलांटी पहिल्या द नंतर आणि दुसऱ्या द आधी बसते. एकच शब्द, एकच उच्चार, आणि वेलांटीच्या कागदावर दोन जागा. एखाद्या फॉन्टमध्ये ‘द्द’ हे जोडाक्षर घडवलेलंच नसेल, तर तोच मजकूर नुसता फॉन्ट बदलल्याने पहिल्या रूपातून दुसऱ्यात जातो.

ताई : दिसेल तसं साठवलं असतं, तर फॉन्ट बदलला की साठवलेला मजकूर चुकीचा ठरला असता. आता काय होतं? दोन्ही रूपांत वेलांटी दुसऱ्या द नंतरच साठवलेली असते. पाय मोडलेलं रूप मुद्दाम हवं असेल तर पायमोडीनंतर न दिसणारी एक खूण घालतो, `U+200C`. वेलांटीला हात लावत नाही. थाईत अशी जोडाक्षरं नाहीत, म्हणून तिथे दिसण्याचा क्रम निभावतो. आपल्याकडे निभावणार नाही.

काका : हे मी मानतो. पान उतरवताना ‘उद्‌दिष्ट’ असं मधे वेलांटी असलेलं दिसलं, की नवा माणूस ती मधेच टंकतो, हे मी बघितलं आहे.

ताई : आणि मग पायमोडीच्या खुणेनंतर वेलांटी येते, व्यंजनच नसतं तिला धरायला.

आणखी एक गोष्ट ताईने जाता जाता सांगितली. इनस्क्रिप्टमध्ये ‘कि’ टंकायला गुजरातीत आणि कन्नडमध्येही त्याच दोन कळा लागतात, आधी क ची आणि मग वेलांटीची. गुजरातीत ती खूण देवनागरीसारखी डावीकडे दिसते, कन्नडमध्ये अक्षराच्या डोक्यावर. कोकणी देवनागरीतही लिहिली जाते आणि मंगळूरकडे कन्नड लिपीतही. तिथला एक मजकूर दुसऱ्या लिपीत न्यायचा तर उच्चाराचा क्रम समान असल्याने काम सोपं होतं.

साठवण्याच्या क्रमावर काकांनी पुढे आग्रह धरला नाही. त्यांचा दुसरा आग्रह मात्र त्यांनी सोडला नाही, आणि माझ्या मते तो रास्त आहे.

काका : साठव तुला हवं तसं. पण माझ्या हाताने तोच क्रम का शिकावा? रेमिंग्टन पद्धतीचे युनिकोड कीबोर्ड आहेत. मी वेलांटी आधी मारतो, तो कीबोर्ड ती धरून ठेवतो आणि मी न दाबला की न च्या मागे नेऊन ठेवतो. फाइलमध्ये तुझाच क्रम जातो. माझा वेग टिकतो, तुझं पुस्तकही बरोबर राहतं.

ताई : सरळ टंकत जाल तोपर्यंत राहतं. माझ्याकडे येणाऱ्या चुका सरळ टंकण्यातल्या नसतातच. त्या दुरुस्तीतल्या असतात.

काका : म्हणजे?

ताई : समजा तुम्ही ‘गणत’ टंकलं आणि नंतर लक्षात आलं की वेलांटी राहिली. तुम्ही काय करता? वेलांटी जिथे दिसायला हवी तिथे, म्हणजे ग आणि ण च्या मधे, कर्सर नेता आणि वेलांटी मारता. कीबोर्ड पुढच्या व्यंजनाची वाट बघतो, पण ण आधीच तिथे आहे, तुम्ही तो पुन्हा दाबणार नाही. वेलांटी ग ला लागते. झालं ‘गिणत’. शब्दाच्या पहिल्या अक्षराची वेलांटी अशी घातली तर ती मोकळ्या जागेला लागते आणि तिच्याशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. मधेच माउस दुसरीकडे नेला, बाणाची कळ दाबली, तरी कीबोर्डने धरून ठेवलेली वेलांटी तशीच सुटून राहू शकते.

काका : मग दुरुस्ती करताना अक्षर पूर्ण खोडायचं आणि वेलांटीसकट पुन्हा मारायचं.

ताई : ते चालेल. किंवा कर्सर ण च्या पुढे नेऊन, इनस्क्रिप्टवर जाऊन, वेलांटी घालायची. पण वेलांटी दिसते तिथे कर्सर न्यायचा नाही.

काकांनी स्वतःसाठी पहिला मार्ग पसंत केला : राहिलेली वेलांटी घालायची असेल तर अक्षर खोडून पुन्हा टंकायचं. रेमिंग्टनवाल्यांसाठी हाच नियम मला सुरक्षित वाटतो, कारण त्यात हाताचा क्रम कुठेच बदलत नाही.

यानंतर बोलणं वळलं ते चूक झालेली ओळखायची कशी, याकडे. काकांचा विश्वास डोळ्यावर, ताईचा शोधसूत्रावर.

काका : ‘किवता’ वाचणाऱ्याला लगेच खटकतं. मूळ पान बाजूला ठेवून कोणी नीट वाचलं तर अशी चूक सुटणार नाही.

ताई : ‘किवता’ सुटणार नाही. ‘माहिती’ सुटेल.

काका : कशी?

ताई : ‘माहिती’ दिसण्याच्या क्रमाने टंकली तर म, काना, वेलांटी, ह, त, दुसरी वेलांटी अशी साठवली जाते. इथे वेलांटीच्या आधी काना आहे आणि काना काही वेलांटी धरू शकत नाही. काही सॉफ्टवेअर तिथे ठिपक्यांचं वर्तुळ काढून चूक दाखवतात. काही दाखवत नाहीत. ते वेलांटी आहे तिथेच काढतात आणि तिच्या पुढे ह येतो. वेलांटीचा वरचा वळसा त्या ह वर बरोबर बसतो. पडद्यावर ‘माहिती’ आणि ही ‘मािहती’ सारखीच दिसते. काही पीडीएफमधून मजकूर उचलला तर हाच क्रम हाती येतो. वाचणाऱ्याला दिसत नाही आणि ‘माहिती’ शोधली तर तो शब्द सापडत नाही.

काका : मग हातानं कसं ओळखायचं?

ताई : कर्सर ‘हि’च्या लगेच पुढे ठेवा आणि बॅकस्पेस एकदा दाबा. बहुतेक ठिकाणी बॅकस्पेस शेवटी साठवलेली खूण आधी पुसतो. वेलांटी गेली आणि ह राहिला तर क्रम बरोबर. ह गेला आणि वेलांटी मागे राहिली तर चूक. संशय आलेल्या एखाद्या शब्दासाठी हे पुरतं. अख्ख्या पुस्तकासाठी मी ही दोन सूत्रं चालवते.

```
(^|[^\u0915-\u0939\u093C])\u093F
\u093F[\u093C\u093E-\u094D]
```

पहिलं सूत्र अशी वेलांटी शोधतं जिच्या आधी व्यंजन नाही. ओळीच्या सुरुवातीची, मोकळ्या जागेनंतरची, काना किंवा अनुस्वारानंतरची, पायमोडीनंतरची, सगळी त्यात येते. ‘मंदिर’ चुकून दिसण्याच्या क्रमाने टंकलं असेल तर वेलांटी अनुस्वाराला चिकटते आणि इथेच सापडते. दुसरं सूत्र अशी वेलांटी शोधतं जिच्या लगेच नंतर पायमोड, नुक्ता किंवा दुसरी एखादी स्वरखूण आली आहे. मराठीत एका अक्षराला दोन स्वरखुणा नसतात आणि वेलांटी लागलेल्या अक्षराचा पाय मोडत नाही. सूत्रातली `\u093F` म्हणजे पहिली वेलांटी आणि `\u0915` ते `\u0939` म्हणजे क ते ह.

काका : ही सूत्रं ‘किवता’ पकडतील?

ताई : नाही. ‘कि’ हे अक्षर म्हणून बरोबर आहे. ‘गिणत’ही पकडणार नाहीत.

ही कबुली महत्त्वाची आहे. वेलांटी चुकून लागली ते आधीचं अक्षर नुसतं व्यंजन असेल, तर चूक डोळ्याला दिसते आणि सूत्राला दिसत नाही. आधी काना, मात्रा किंवा अनुस्वार असेल, तर सूत्राला हमखास सापडते आणि डोळ्याला दिसेलच असं नाही. म्हणून आमच्याकडे दोन्ही तपासण्या होतात, आणि एक झाली म्हणून दुसरी गाळत नाही.

काकांनी सूत्राची आणखी एक मर्यादा दाखवली, जी ताईच्याही ध्यानात नव्हती.

काका : तुझं पहिलं सूत्र ‘अ’ नंतरची वेलांटी चूक धरतं?

ताई : हो. ‘अधिक’ दिसण्याच्या क्रमाने टंकला की ‘अिधक’ होतो. तो सापडायला हवा.

काका : आणि सावरकरांच्या लिपीशुद्धीप्रमाणे छापलेलं पुस्तक आलं तर? तिथे अ ची बाराखडी आहे. इ ऐवजी अि, ई ऐवजी अी. ‘इतिहास’ हा शब्द ‘अितिहास’ असा छापलेला असतो. तो तसाच उतरवायचा आहे, सुधारायचा नाही. तुझं सूत्र प्रत्येक पानावर ओरडेल आणि कोणी कंटाळून सगळे ‘अि’ बदलून ‘इ’ केले तर पुस्तक बिघडलं.

ताईने हे लगेच मान्य केलं. अशा पुस्तकासाठी सूत्रातून अ वगळायचा, आणि ‘अि’ असलेला प्रत्येक शब्द पानाशी ताडून बघायचा, असं ठरलं. ‘अितिहास’ आणि ‘अिधक’ यांतला फरक मूळ पान बघणाऱ्या माणसालाच कळतो.

लिपीसुधारणेचा विषय निघाला तसं काकांनी १९५३च्या लखनौच्या लिपी परिषदेची आठवण काढली. तिथे ऱ्हस्व इ ची खूणही उजवीकडेच, पण आखूड दांड्याने लिहावी असं सुचवलं गेलं होतं. ते टिकलं असतं तर हा प्रश्न राहिला नसता. पण काही वर्षांतच ती सुधारणा मागे पडली आणि वेलांटी डावीकडेच राहिली.

शेवटचा वाद झाला तो जुन्या फायलींवरून. गटाकडे कृतिदेवमध्ये टंकलेला एक जुना मजकूर होता आणि तो युनिकोडमध्ये आणायचा होता. काकांचं म्हणणं, क्रम ठरलेला आहे तर एका झटक्यात सगळ्या वेलांट्या पुढच्या अक्षरामागे न्याव्यात. ताईने त्यांना दोन शब्द करून दाखवले.

‘स्थिती’ कृतिदेवमध्ये `fLFkrh` असा असतो : वेलांटी, अर्धा स, थ, त, दुसरी वेलांटी. युनिकोडमध्ये अर्धा स म्हणजे स आणि पायमोड अशा दोन खुणा होतात. वेलांटी फक्त एका खुणेपुढे नेली तर ती स नंतर आणि पायमोडीच्या आधी पडते, आणि ‘सि्थती’ तयार होतं. रूपांतरित मजकुरात हे रूप वारंवार भेटतं ते याच कारणाने. वेलांटी अख्खं जोडाक्षर ओलांडून थ नंतर जायला हवी. म्हणून सूत्रात ‘व्यंजन आणि पायमोड’ ही जोडी जितक्या वेळा येईल तितकी, आणि तिच्यापुढचं एक व्यंजन, हा सगळा तुकडा धरावा लागतो.

```
\u093F((?:[\u0915-\u0939]\u094D)*[\u0915-\u0939])
```

सापडलेला कंसातला तुकडा आधी ठेवायचा आणि वेलांटी त्याच्यामागे.

दुसरा शब्द पुन्हा ‘निर्मिती’. `fufeZrh` मधल्या वेलांट्या बरोबर हलवल्या, पण रफार होता तिथेच ‘र्’ करून ठेवला, तर ‘निमिर्ती’ होतं, म्हणजे रफार ती वर जाऊन बसतो. कृतिदेवमध्ये रफार आपल्या अक्षरानंतर टंकलेला असतो, आणि युनिकोडमध्ये तो त्या अक्षराच्या आधी जायला हवा, मधली वेलांटी ओलांडून. म्हणून वेलांट्या हलवून झाल्या की रफाराला मागे नेताना स्वरखुणा वगळून व्यंजनापर्यंत आणि जोडाक्षर असेल तर त्याच्या सुरुवातीपर्यंत न्यायचं.

काका : म्हणजे सूत्र नीट लिहिलं की झटक्यात होतंच.

ताई : होतं, फक्त एकदाच आणि फक्त संपूर्ण जुन्या क्रमातल्या मजकुरावर. या फाइलमध्ये कोणीतरी मधले काही परिच्छेद आधीच युनिकोडमध्ये आणून ठेवले आहेत. तिथला बरोबर ‘गणित’ या सूत्राखाली गेला तर वेलांटी त च्या मागे जाऊन ‘गणति’ होईल. आणि ‘गणति’ माझी तपासणीची सूत्रंही पकडणार नाहीत. ‘कविता’चं निदान ‘कवतिा’ होऊन दुसऱ्या सूत्रात सापडेल, पण ‘गणति’ नाही.

काका : मग परत उलट फिरवायचं.

ताई : उलट फिरवताना कुठली वेलांटी आधी बरोबर होती आणि कुठली नव्हती हे फाइलला माहीत नसतं.

शेवटी त्या फाइलचे जुने आणि नवे परिच्छेद आधी वेगळे केले, रूपांतर फक्त जुन्यांवर चालवलं, आणि मग सगळा मजकूर मूळ पानाशी ताडून वाचला. काकांनी त्यांची रेमिंग्टन सोडली नाही, आणि ताईने ती सोडायला सांगितलंही नाही.

तुमच्या घरी, ग्रंथालयात किंवा संस्थेत जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर असेल, तर रूपांतराला हात लावण्याआधी मूळ फाइलची एक प्रत वेगळी ठेवा आणि तिच्या नावातच फॉन्टचं नाव लिहून ठेवा. ती प्रत हाताशी असेल तर चुकलेलं रूपांतर पुन्हा करता येतं.